फायलोजेनेटिक ट्री वाचायचा कसा: बोट फाट्यावर ठेवा, शेजारी कोण बसलंय ते बघू नका

मी बायोलॉजी शिकवतो, आणि दरवर्षी वर्गात फायलोजेनेटिक ट्री, म्हणजे कोणता जीव कोणाच्या किती जवळच्या नात्यातला हे दाखवणारं झाडासारखं चित्र, फळ्यावर काढून एकच प्रश्न विचारतो: बेडूक कोणाच्या जास्त जवळचा, रोहू माशाच्या की कोंबडीच्या? जवळजवळ सगळा वर्ग सांगतो की माशाच्या. का, तर चित्रात बेडूक माशाच्या लगेच खाली लिहिलेला असतो आणि कोंबडी पार शेवटी. मुलं हुशार असतात, चित्र नीट बघतात, पण त्यात जे वाचायचं ते सोडून भलतंच वाचतात, कारण हे चित्र वाचायचं कसं हे त्यांना कोणी बसवून सांगितलेलंच नसतं. म्हणून हा लेख. एक कागद आणि पेन घेऊन बसा, नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही, हाताने काढावंच लागतं.

आपण पूर्ण लेखभर हेच एक झाड वापरणार आहोत, सहा प्राणी, सगळे ओळखीचे:

```
┌──────────────── रोहू
┤  ┌───────────── बेडूक
└──┤  ┌────────── उंदीर
   └──┤  ┌─────── पाल
      └──┤  ┌──── मगर
         └──┤
            └──── कोंबडी
```

आधी काळ कुठून कुठे जातोय ते शोधा

डावीकडचं टोक म्हणजे मूळ, सगळ्यात जुना काळ. उजवीकडे जाल तसं आजच्या जवळ याल. उजवीकडची सहा नावं म्हणजे टोकं, आणि ही सहाही टोकं आजची आहेत, हे पेनाने कागदावर लिहूनच ठेवा कारण पुढे सारखं लागणार आहे. रोहू आज जिवंत आहे, बेडूक आज जिवंत आहे, त्यांच्यातलं कोणीही कोणाचा पूर्वज नाही. पुस्तकात कधीकधी हेच झाड उभं काढलेलं असतं, मूळ खाली आणि टोकं वर, मग नावं डावीकडून उजवीकडे जातात. कधी गोलाकारही असतं. काही फरक पडत नाही, मूळ कुठे आहे ते सापडलं की काळाची दिशा सापडली.

आता जिथे एका रेषेच्या दोन रेषा होतात ती जागा बघा. त्याला नोड म्हणतात, मी वर्गात फाटा म्हणतो, हायवेला फाटा लागतो ना तसाच. फाट्याच्या आधी एकच वंश चाललेला होता, फाट्यावर तो दोन भागांत तुटला, आणि तिथून पुढे दोघे आपापल्या वाटेने बदलत गेले. म्हणजे फाटा हा त्याच्या पुढच्या सगळ्या टोकांचा समान पूर्वज. आणि पूर्वज म्हणजे एखादी जोडी किंवा एक प्राणी नाही, एक अख्खी जमात, हजारो जीवांची, जिचे काही कारणाने दोन गट पडले आणि पुन्हा एकत्र आले नाहीत.

आपल्या झाडात सहा टोकं आहेत आणि पाच फाटे आहेत. प्रत्येक फाट्यावर दोनच रस्ते फुटत असतील तर टोकांपेक्षा फाटे नेहमी एकने कमी भरतात, मोजून बघा.

दोन बोटांची पद्धत

आता मुख्य काम. कुठल्याही दोन प्राण्यांचं नातं काढायचं असेल तर एक बोट एका टोकावर ठेवा, दुसरं बोट दुसऱ्या टोकावर, आणि दोन्ही बोटं रेषांवरूनच, उडी न मारता, मुळाकडे सरकवत न्या. दोन्ही वाटा जिथे पहिल्यांदा एक होतात तो फाटा म्हणजे त्या दोघांचा सगळ्यात अलीकडचा समान पूर्वज. अलीकडचा हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण त्याच्या मागचे सगळे फाटेही त्यांचे समान पूर्वजच आहेत, जसं सख्ख्या भावांचे आईवडील एक असतात आणि पणजोबाही एकच असतात, पण नातं सांगताना आपण आईवडिलांवरून सांगतो, पणजोबांवरून नाही.

बेडूक आणि कोंबडी घ्या. कोंबडीवरचं बोट मागे न्या, आधी मगरीचा फाटा लागतो, मग पालीचा, मग उंदराचा, मग बेडकाचा, आणि इथे बेडकावरून निघालेलं बोट भेटतं. हा फाटा सुमारे 35 कोटी वर्षांपूर्वीचा. आता बेडूक आणि रोहू. बेडकाचं बोट त्या 35 कोटीच्या फाट्यावरून अजून मागे जातं आणि थेट मुळाशी रोहूला भेटतं, साधारण 43 कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे बेडूक आणि कोंबडी यांचा समान पूर्वज जास्त अलीकडचा आहे, म्हणून बेडूक कोंबडीच्या जास्त जवळचा. दिसायला कसाही असो, पाण्यात अंडी घालो, लहानपणी शेपूट हलवत पोहो, नात्याने तो कोंबडीकडचा.

आता याच्या पुढचं करून बघा, इथे बहुतेकांना धक्का बसतो. रोहू आणि उंदीर, रोहू आणि पाल, रोहू आणि मगर, सगळ्या जोड्यांवर बोटं ठेवून मागे या. प्रत्येक वेळी बोटं एकाच ठिकाणी भेटतात, मुळावरच्या त्याच फाट्यावर. म्हणजे रोहूच्या दृष्टीने बेडूक, उंदीर, पाल, मगर आणि कोंबडी हे पाचही जण अगदी सारखेच लांबचे. आपण माणसं उंदराच्या फांदीवर बसतो, त्यामुळे आपणही रोहूला बेडकाइतकेच लांबचे. बेडूक मधे कुठेतरी आहे, अर्धा मासा अर्धा जमिनीवरचा, हे जे वाटतं ते फक्त नावांच्या रांगेमुळे वाटतं.

फाटे फिरवा

पाळण्यावर टांगायचं फिरतं खेळणं आठवा, आडव्या काड्या, त्यांच्या दोन्ही टोकांना दोरे, दोऱ्याला पुन्हा काडी किंवा चिमणी. वारा आला की प्रत्येक काडी आपापल्या दोऱ्याभोवती फिरते. आत्ता डावीकडे असलेली चिमणी क्षणात उजवीकडे जाते, पण कुठली चिमणी कुठल्या काडीला बांधलीय हे काही बदलत नाही. झाडाचा प्रत्येक फाटा ही अशी फिरणारी काडी आहे. फाट्यातून निघणाऱ्या दोन फांद्यांची वर-खाली अदलाबदल केली तरी कोण कुठल्या फाट्याला जोडलंय हे तेच राहतं, म्हणून झाड तेच राहतं.

हे कॉम्प्युटरवर करून बघायचं असेल तर झाड कंसांमध्ये लिहायची एक पद्धत आहे, तिला न्यूइक फॉरमॅट म्हणतात. एका कंसात जे आहेत ते एका फाट्याचे, एवढंच. आपलं झाड असं लिहितात:

```
(rohu,(bedook,(undir,(paal,(magar,kombdi)))));
```

सगळ्यात आतल्या कंसात मगर आणि कोंबडी, त्यांच्या बाहेरच्या कंसात पाल येते, मग उंदीर, मग बेडूक, सगळ्यात बाहेर रोहू. आता मुळाचा फाटा आहे तसा ठेवू आणि बाकीचे चारही फिरवू:

```
(rohu,((((kombdi,magar),paal),undir),bedook));
```

हे कागदावर स्वतः काढा, मी मुद्दाम काढून देत नाहीये. वरून खाली रांग आता अशी आली: रोहू, कोंबडी, मगर, पाल, उंदीर, बेडूक. कोंबडी रोहूला चिकटली आणि बेडूक पार तळाला गेला. पण दोन बोटांची पद्धत लावून बघा, एकही उत्तर बदललेलं नाही. बेडूक अजूनही कोंबडीला त्याच 35 कोटीच्या फाट्यावर भेटतो आणि रोहूला मुळावर. माझ्या वर्गात हे दुसरं चित्र आधी दाखवून तोच प्रश्न विचारला की मग मात्र कोणी बेडूक माशाजवळचा म्हणत नाही, आणि तेव्हा मुलांना स्वतःलाच कळतं की आपण फाटे वाचत नव्हतो, शेजार वाचत होतो.

फ्रीमध्ये मिळणारं `FigTree` नावाचं सॉफ्टवेअर आहे, वरची ओळ एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवून त्यात उघडा, एखाद्या फांदीवर क्लिक करा आणि वरचं `Rotate` बटण दाबा, डोळ्यांसमोर फाटा फिरतो. त्याच सॉफ्टवेअरमध्ये `Order nodes` म्हणून एक सोय आहे, ती चालू केली की सगळे फाटे अशा बाजूला फिरतात की चित्र जिन्यासारखं पायरी पायरीने दिसतं. बऱ्याच छापील झाडांमध्ये जो सुंदर जिना दिसतो तो असाच आलेला असतो, डोळ्याला बरं दिसतं म्हणून. निसर्गात तो जिना नाही, आणि जिना दिसला की आपलं मन लगेच खालची पायरी मागासलेली आणि वरची पुढारलेली असं धरून चालतं, तिथेच घोळ होतो.

पाच फाटे, प्रत्येकाच्या दोन स्थिती, म्हणजे हे एकच झाड 32 वेगवेगळ्या रांगांनी काढता येतं आणि 32 पैकी प्रत्येक चित्र बरोबर आहे.

रांग तीच, झाड वेगळं

उलटी गोष्टही बघून घ्या, मला तर हीच जास्त महत्त्वाची वाटते. हे बघा:

```
(rohu,(bedook,(undir,((paal,magar),kombdi))));
```

रांग अगदी पहिल्या चित्रातलीच आहे, रोहू, बेडूक, उंदीर, पाल, मगर, कोंबडी, एक नावही हललेलं नाही. पण कंस हललेत. इथे पाल आणि मगर एका फाट्यावर आहेत आणि कोंबडी त्यांच्या बाहेर. हे झाड सांगतंय की मगर पालीच्या जवळची आहे, पहिलं झाड सांगत होतं की मगर कोंबडीच्या जवळची आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. म्हणजे रांग वेगळी असून झाड एक असू शकतं आणि रांग एक असून झाड वेगळं असू शकतं, मग रांगेतून नातं कळणार तरी कसं?

मग दोन झाडं सारखी आहेत की नाहीत हे ओळखायचं कसं? कात्री वापरा. कुठलीही एक फांदी एकदाच कापली तर जे सगळं गळून पडतं तो एक पूर्ण गट, त्याला क्लेड म्हणतात, म्हणजे एक पूर्वज आणि त्याचे सगळे वंशज. दोन्ही झाडांच्या गटांच्या याद्या करा. पहिल्या झाडाची यादी: मगर-कोंबडी. मग पाल-मगर-कोंबडी. मग त्यात उंदीर. मग त्यात बेडूक. फिरवलेल्या दुसऱ्या झाडाची यादी करा, हेच चार गट येतात, म्हणून ते तेच झाड. तिसऱ्याची केली की पहिलाच गट पाल-मगर निघतो, तिथेच सापडलं की हे वेगळं झाड आहे. परीक्षेत चार चित्रं देऊन वेगळं कोणतं विचारतात तेव्हाही हेच करायचं, डोळ्यांनी आकार जुळवत बसायचं नाही.

मग खरं झाड कुठलं, मगर कोणाची?

खरं आहे ते पहिलं. पालीला आणि मगरीला खवले आहेत, दोघी चार पायांवर पोट जमिनीजवळ ठेवून चालतात, लांब शेपूट आहे, म्हणून आपण त्यांना एका खोक्यात टाकतो. पण अंगावरचे खवले, जमिनीवर चालणारे चार पाय आणि शेपूट ही जुनी मिळकत आहे, आधीच्या पूर्वजांकडून आलेली. पालीने आणि मगरीने ती बऱ्यापैकी जपली आणि पक्ष्यांच्या वंशात ती खूप बदलली, तरी कोंबडीच्या पायांवर खवले आजही आहेत, निरखून बघा. जुनी मिळकत दोघांकडे राहिली म्हणून ते एकमेकांचे सख्खे ठरत नाहीत. वाड्यातली पणजोबांची पितळी भांडी एका चुलत भावाने आणि एका चुलत-चुलत भावाने जपून ठेवली आणि सख्ख्या भावाने मोडीत काढली, म्हणून नाती काही बदलत नाहीत.

नातं ठरवायला लागते ती नंतर आलेली आणि त्या गटात वाटली गेलेली खूण. मगरीच्या हृदयाला पूर्ण चार कप्पे आहेत, कोंबडीच्याही चार आहेत, पालीच्या हृदयात मात्र खालचा कप्पा पूर्ण विभागलेला नसतो. (उंदराच्याही हृदयाला चार कप्पे असतात, पण ते त्याच्या वंशात स्वतंत्रपणे आले, म्हणून एकाच खुणेवर कधी विसंबायचं नाही.) कोंबडीसारखीच मगरही अंड्यांची राखण करते, पिल्लं अंड्यात असतानाच आवाज काढतात आणि आई त्यांना उकरून बाहेर काढते. आणि डीएनए तपासला तरी मगर आणि पक्षी एकत्रच येतात. त्या दोघांचा फाटा सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वीचा आहे, आणि पालीचा फाटा त्याच्याही आधीचा.

इथे एक नेहमीची चूक सांगतो. मगर आणि कोंबडीचा समान पूर्वज असं म्हटलं की काहींच्या डोळ्यांसमोर अर्धी मगर अर्धी कोंबडी असं काहीतरी येतं, काहींना वाटतं की मगरीपासून कोंबडी झाली. दोन्ही नाही. तो पूर्वज मगरही नव्हता आणि पक्षीही नव्हता, फाट्यानंतर एका बाजूला मगरी घडल्या, दुसऱ्या बाजूला डायनोसॉर आणि त्यांच्यातूनच पक्षी. दोन्ही बाजूंना 25 कोटी वर्षं सारखीच मिळाली.

फाटे मोजू नका

शेजार सोडला की लोक दुसरीकडे अडकतात, फाटे मोजायला लागतात. मुळापासून रोहूपर्यंत वाटेत एकही फाटा नाही, कोंबडीपर्यंत चार आहेत, म्हणजे कोंबडी जास्त उत्क्रांत आणि रोहू जुनाट, असं गणित मांडतात. पण रोहूच्या रेषेवर फाटे नाहीत ते आपण काढले नाहीत म्हणून. रोहूसारखे परांना बारीक काड्यांचा आधार असलेले मासे जगात 30,000 च्या वर जातींचे आहेत, म्हणजे त्या सरळ दिसणाऱ्या रेषेवर खरं तर हजारो फाटे आहेत.

कागदावर आता नवीन झाड काढा: पाच मासे घ्या, सुरमई, बांगडा, कटला, मृगळ, रोहू, आणि त्यांच्या बाहेर एकटी कोंबडी. या झाडात मुळापासून कोंबडीपर्यंत एकही फाटा येत नाही आणि रोहूपर्यंत बरेच येतात. त्याच गणिताने आता कोंबडी जुनाट ठरली. प्राणी तेच, काळ तोच, बदललं फक्त आपण कोणाला यादीत घेतलं ते. काळ मोजायचा असेल तर तो मुळापासून टोकापर्यंतच्या अंतरात असतो, तोही चित्राखाली कोटी वर्षांची पट्टी दिली असेल तरच. पट्टी नसेल तर फांदीच्या लांबीतून काहीच काढू नका. पट्टी आहे पण ती वर्षांची नसून डीएनएमधल्या बदलांची आहे असंही बरेचदा असतं, मग टोकं एका रेषेत न येता मागेपुढे दिसतात, तिथे लांब फांदी म्हणजे जास्त बदल, जास्त काळ नव्हे. चित्राखालची ओळ वाचल्याशिवाय लांबीबद्दल बोलू नये.

कासव आणून ठेवा

शेवटचं काम, हे जमलं की झाड वाचता आलं. या झाडात कासव जोडायचंय. कासवाच्या कवटीत डोळ्यांमागे पालीसारखी किंवा मगरीसारखी भोकं नसतात, म्हणून बराच काळ त्याला पाल-मगर-कोंबडी या सगळ्या गटाच्या बाहेर ठेवत होते. नंतर जीनोमचा, म्हणजे संपूर्ण डीएनएचा, अभ्यास झाला तेव्हा कासव मगर आणि पक्ष्यांच्या बाजूला येऊन बसलं. म्हणजे मगर-कोंबडीचा फाटा जिथे आहे त्याच्या थोडं मागे, पण पालीच्या फाट्याच्या अलीकडे, एक नवा फाटा काढायचा आणि त्याला कासव जोडायचं:

```
(rohu,(bedook,(undir,(paal,(kasav,(magar,kombdi))))));
```

आधी यादी करा, जुने चारही गट आहेत का बघा, त्यातल्या पाल, उंदीर आणि बेडूक असलेल्या तीन गटांमध्ये कासव वाढलेलं दिसेल, आणि कासव-मगर-कोंबडी हा एक नवा गट येईल. मग रांगेकडे या. कासवाचं नाव मगर-कोंबडीच्या वर लिहा किंवा खाली लिहा, दोन्ही चालतं, फाटा फिरवला की झालं. मगर आणि कोंबडीच्या मधे मात्र ते लिहिता येणार नाही, कारण तसं करायला एक रेषा दुसरीला कापून जावी लागेल, आणि कितीही फाटे फिरवले तरी रेषा एकमेकींना कापत नाहीत. सात नावांच्या एकूण 5,040 रांगा होतात, त्यातल्या 64 या झाडाला चालतात, आणि मधे कासव असलेली एकही त्यात येत नाही, कागदावर दहा-बारा काढून बघा.